साठीनंतर वाचनाचा दिवा: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

टेबलावरचा दिवा किती वॅटचा घ्यावा? (धरमपेठ)

वॅट म्हणजे विजेचा खर्च. खोक्यावर ल्युमेन, म्हणजे दिवा किती उजेड देतो तो आकडा, वाचा; ४५० ते ८०० पुरतात, आणि उजेड कमी-जास्त करता आला तर उत्तम.

बाबा ७२ वर्षांचे. सीताबर्डीहून १८ वॅटचा पांढराशुभ्र दिवा आणून समोर ठेवला, तरी पेपर पुसट दिसतो. आणखी मोठा घेऊ का? (महाल)

मुळीच नको. वयानुसार बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होते. विशीत डोळ्याच्या पडद्यावर जितका उजेड पोहोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीत पोहोचतो. त्यामुळे बाबांना जास्त उजेड हवा हे खरे, पण तो कागदावर हवा. समोरच्या दिव्याचा उजेड थेट डोळ्यात जातो, आणि मोतीबिंदू सुरू झाला असेल तर भिंगात विखुरतो. मग काळे अक्षर फिके पडते.

आधी दिवा हलवा. तो बाजूला आणि किंचित मागे हवा, शेड इतकी खाली की बसल्यावर आतला बल्ब दिसू नये. कागदापासून तीन फुटांवर असेल तर दीड फुटावर आणा. अंतर निम्मे झाले की कागदावरचा उजेड जवळपास चौपट होतो. मग पेपरवर छोटा आरसा सपाट ठेवा. बाबांना आरशात बल्ब दिसला, तर गुळगुळीत कागदावरही तो चकाकणार. दिसेनासा होईपर्यंत दिवा सरकवा. खोलीतली ट्यूबलाइट चालू राहू द्या. अंधारात एकटा दिवा जास्त खुपतो.

एवढे करूनही, उजेड वाढवला की अक्षर आणखी पुसट होत असेल तर दोष दिव्याचा नाही. एका प्रकारच्या मोतीबिंदूत डाग भिंगाच्या मागच्या बाजूला, मधोमध असतो. प्रखर उजेडात बाहुली आक्रसते आणि तो डाग नेमका नजरेच्या वाटेत येतो. लोक दिव्यामागून दिवे बदलत राहतात आणि तपासणीचे वर्ष वाया घालवतात. असे करू नका. बाहुली मोठी करणारे थेंब टाकून तपासणी करून घ्या.

'आय-केअर' दिव्याने नंबर वाढत नाही, असे दुकानदार सांगतो. पिवळा घेऊ की पांढरा? (मानेवाडा)

कोणताही दिवा नंबर थांबवत नाही. त्या शब्दासाठी जादा पैसे देऊ नका. रात्री वाचायला २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर उजेड बहुतेकांना सोसतो. काहींना ४०००चा बरा वाटतो. आपला पेपर आणि चष्मा घेऊन दुकानात जा, दिवा लावून वाचून पाहा. चष्म्याचा नंबर जुना असेल तर आधी तो तपासा.

मंद उजेडात वाचल्याने डोळे खराब होतात का? (सदर)

नाही, थकतात.

मोतीबिंदू पिकू द्यावा आणि नागपूरच्या उन्हाळ्यात ऑपरेशन करू नये, असे सगळे म्हणतात. तोवर मोठ्या दिव्यावर भागेल ना? (इतवारी)

दोन्ही ऐकीव गोष्टी आहेत. आजच्या शस्त्रक्रियेला ऋतूचे बंधन नाही, आणि मोतीबिंदू फार कडक झाला की ती अवघड होते. कधी करायची ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. मात्र वाचताना सरळ ओळ वाकडी दिसली, किंवा मधले अक्षर गायब झाले, तर भेटीची तारीख पुढे ढकलू नका. पडद्याचा आजार असू शकतो, त्याच दिवशी दाखवा.