आम्ही गोव्यात राहतो. रिटर्न माझं आहे, मग सीए पत्रात बायकोच्या एफडीचे कागद का मागतो?

तुमचं लग्न गोव्यातल्या कायद्याने झालेलं असेल तर मागणारच. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नासाठी १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ५ए तेवढ्यासाठीच आहे, आणि त्यापुढे लागू होणाऱ्या नव्या आयकर कायद्यातही हीच वाटणी आहे. पगार ज्याचा त्याचा, पण भाडं, व्याज, धंद्याचा नफा, भांडवली नफा हे सगळं नवरा-बायकोत अर्धं-अर्धं. म्हणजे त्या एफडीचं निम्मं व्याज तुमच्या रिटर्नमध्ये येतं.

मी फोंड्यात हेच काम करतो आणि असं पत्र मला दरवर्षी माझ्याच भावोजींना पाठवावं लागतं. त्यांचं दुकान आहे, ताई शाळेत शिक्षिका. एकदा पत्रात मी दोनच कागद मागितले होते: ताईच्या एफडीचं बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट आणि भाड्याने दिलेल्या फ्लॅटची घरपट्टी भरल्याची पावती. भावोजींचा फोन आला, "बायकोच्या पैशांवर तुझा डोळा कशाला?" माझी सख्खी बहीण हो ती! मग रागारागाने पासबुकाची झेरॉक्स पाठवून दिली.

पासबुकात व्याजाची नोंदच नव्हती. असणार कुठून? एफडी क्युम्युलेटिव्ह, पैसे मुदत संपल्यावर मिळणार. बँक मात्र दरवर्षी व्याज धरते आणि त्यावर टीडीएस कापते. ताईच्या २६एएस या कापलेल्या कराच्या पत्रकात ८,००० रुपये कापलेले दिसत होते, व्याज होतं ८०,०००. त्याचे ४०,००० ताईकडे, ४०,००० भावोजींकडे, आणि टीडीएससुद्धा ४,०००-४,०००. हे दोघांच्याही रिटर्नमध्ये शेड्यूल ५एमध्ये दाखवावं लागतं. ताईने व्याज निम्मं दाखवून टीडीएस सगळा स्वतः घेतला असता तर हिशेब जुळला नसता आणि नोटीस तिच्या नावावर आली असती. भावोजींच्या नव्हे.

पावतीचंही तसंच. भाडं वर्षाचं २,४०,०००, घरपट्टी ६,०००. ती त्याच वर्षी भरलेली असेल तरच वजा होते, म्हणून बिल नको, पावती हवी. उरलेल्या २,३४,००० तून ३० टक्के सूट गेली की १,६३,८००, प्रत्येकी ८१,९००. सूट मिळवून देणारा कागद मागितला तरी लोकांना चौकशी केल्यासारखं वाटतं, याला काय म्हणावं!

तुमच्या सीएने कोणती एफडी, कोणतं वर्ष आणि कशासाठी हे पत्रात लिहिलं नसेल तर ती त्यांची कुचराई. विचारा, सांगतील. पण "माझं रिटर्न, तिचे कागद कशाला" हा वाद घालू नका.

हां, एक राहिलं. लग्नाआधी मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार नोंदवला असेल तर ही वाटणी लागू होत नाही. त्या कराराची प्रत सीएला एकदा देऊन टाका. लग्न दुसऱ्या राज्यात झालं असेल तर तेही आधीच सांगा. भावोजींनी असा करार केलेला नाही, रजिस्ट्रारकडे सह्यांच्या वेळी मी तिथेच होतो.