जंताचं औषध झालं, तरी पिल्लाची शी पातळच

“डॉक्टर, पिल्लू घरी आलं तेव्हापासून तिची शी एकदाही नीट झालेली नाही. जंताचं औषध दोनदा देऊन झालं. एकदा शी तपासून घेतली, त्यात काहीच निघालं नाही. ती खाते, खेळते, पण शी पातळ, बुळबुळीत, कधीकधी आव पडलेली. घरात चार वर्षांचा मुलगा आहे, त्याचीही भीती वाटते. आता काय करू?”

ताईंचं पिल्लू म्हणजे अडीच महिन्यांची लॅब्राडॉर, वजन 6 किलो. टेबलावर ठेवली तर शेपटी थांबेना. हिरड्या गुलाबी, ताप नाही, अंगातलं पाणी कमी झालेलं नाही. मी आधी एवढंच पाहून घेतलं, कारण पिल्लू मरगळलेलं असतं, खात नसतं, उलट्या करत असतं किंवा शीतून बरंच रक्त जात असतं, तर पहिला संशय पार्व्हो या विषाणूच्या जीवघेण्या आजाराचा आला असता आणि पुढचं सगळं त्याच दिवशी, तातडीनं करावं लागलं असतं. खेळतं-खातं पिल्लू आणि आठवडेच्या आठवडे पातळ शी, हे चित्र वेगळं असतं. त्यामागे बऱ्याचदा जिआर्डिया किंवा कॉक्सिडिया निघतो, कधी दोन्ही.

जंताचं औषध वाया गेलं नव्हतं, ते यांच्यासाठी नव्हतंच. पिल्लांना नेहमी दिलं जाणारं पायरँटेल आणि प्राझिक्वांटेल गोल जंत आणि चपटे जंत मारतं. जिआर्डिया आणि कॉक्सिडिया हे एकपेशीय जीव आहेत, त्यांना या औषधांनी काही होत नाही.

आधीच्या तपासणीबद्दल मी खोदून विचारलं. अंगणातली सकाळची शी दुपारी उचलून नेली होती, नमुना एकच होता आणि तो मिठाच्या द्रावणात तरंगवून पाहिला होता. अशा तपासणीत जिआर्डिया सहज निसटतो. त्याच्या सिस्ट, म्हणजे कवचात बंद झालेले जीव, रोज सारख्या संख्येनं बाहेर पडत नाहीत, एखाद्या दिवशी एकही सापडत नाही. शिवाय मिठाच्या घट्ट द्रावणात त्या आक्रसून जातात आणि ओळखू येत नाहीत. म्हणून मी ताईंना तीन दिवसांचे नमुने आणायला सांगितले: दर वेळी वाटाण्यापेक्षा थोडा मोठा तुकडा, झाकणाच्या डबीत, फ्रिजमध्ये, पण फ्रीझरमध्ये नाही. आणि तिसऱ्या दिवशी जमलं तर पिल्लालाच घेऊन या, म्हटलं, म्हणजे ताजी शी इथेच मिळेल. जिवंत जिआर्डिया पाहायचा तर शी ताजीच लागते. सलाइनच्या थेंबात तो गळणाऱ्या पानासारखा गिरक्या घेत जाताना दिसतो, पण शी थंड झाली की लवकरच मरतो.

साठवलेले नमुने झिंक सल्फेटच्या द्रावणात सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे यंत्रात वेगानं फिरवून पाहिले. जिआर्डियाच्या सिस्ट भरपूर होत्या आणि कॉक्सिडियाची ऊसिस्ट, म्हणजे त्याची अंड्यासारखी कवचातली अवस्था, तीही होती, पण थोडी. थोडी ऊसिस्ट ठणठणीत पिल्लांच्या शीतही आढळते. पिल्लानं दुसऱ्या जनावराची किंवा पक्ष्याची विष्ठा खाल्ली, तर त्यांचा कॉक्सिडिया नुसता पोटातून पार होऊन बाहेर पडतो, तो या पिल्लाचा आजार नसतो. इथे मात्र आकारावरून ती कुत्र्यांचीच होती आणि पिल्लाला त्रासही चालू होता, तेव्हा दोन्हींवर उपचार करायचं ठरवलं.

जिआर्डियासाठी फेनबेंडाझोल दिलं, किलोला 50 मिलिग्रॅम, म्हणजे या पिल्लाला दिवसाला 300 मिलिग्रॅम, सलग पाच दिवस, खाण्याबरोबर. तिच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम औषध होतं, म्हणून रोज 3 मिलिलिटर. वेगवेगळ्या बाटल्यांमध्ये औषधाचं प्रमाण वेगळं असतं, त्यामुळे दुसऱ्याच्या पिल्लाचं माप आपल्या पिल्लाला लावू नये. फेनबेंडाझोल कॉक्सिडियावर चालत नाही, त्यासाठी वजनाप्रमाणे टोल्ट्राझुरिल दिलं.

ताईंनी मेट्रोनिडाझोलबद्दल विचारलं, शेजारच्या कुत्र्याला त्यानं दोन दिवसांत बरं वाटलं होतं म्हणे. ते औषध मी हाताशी ठेवते, पण सुरुवात त्यानं करत नाही. ते आतड्यातल्या जिवाणूंवरही काम करत असल्यामुळे जिआर्डिया शिल्लक असतानाही शी घट्ट होऊ शकते आणि आपण उगाच निश्चिंत होतो. मात्रा जास्त झाली तर पिल्लू झोकांड्या खातं, डोळे आपोआप हलू लागतात. असं काही दिसलं की औषध थांबवून लगेच दवाखाना गाठायचा.

औषधापेक्षा जास्त वेळ मी स्वच्छतेवर बोलले, कारण इलाज फसल्यासारखा वाटतो तेव्हा बऱ्याचदा तोच जीव घरातूनच परत पोटात गेलेला असतो. जिआर्डियाची सिस्ट शीतून बाहेर पडते त्या क्षणापासून लागण करू शकते. गुदद्वाराभोवतीच्या केसांना ती चिकटते, पिल्लू तिथे चाटतं आणि चक्र पुन्हा सुरू होतं. म्हणून औषधाच्या शेवटच्या दिवशी शाम्पूनं अंघोळ घालायची, मागचा भाग नीट धुवायचा आणि केस पूर्ण वाळवायचे. कॉक्सिडियाच्या ऊसिस्टला बाहेर पक्व व्हायला थोडा अवधी लागतो, त्यामुळे शी लगेच उचलली तर तिथेच निम्मं काम होतं. अंथरूण उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवायचं. वाळलेली जागा जिआर्डियाला मारते, ओल त्याला जगवते. क्वाटर्नरी अमोनियम असलेलं जंतुनाशक जिआर्डियावर चालतं, पण कॉक्सिडिया त्याला आणि ब्लीचलाही दाद देत नाही. त्याला वाफ किंवा उकळतं पाणीच लागतं.

मुलाबद्दल सांगायचं तर, कुत्र्याच्या कॉक्सिडियानं माणसं आजारी पडत नाहीत. जिआर्डियाचे सी आणि डी हे प्रकार बहुतेक कुत्र्यांतच राहतात, माणसाला ए आणि बी त्रास देतात. कुत्र्यांत कधीकधी ए आणि बी सापडतात, म्हणून धोका कमी असला तरी शून्य नाही. उपचार चालू असताना पिल्लाला तोंड चाटू द्यायचं नाही, खेळून झालं की साबणानं हात धुवायचे आणि शी मोठ्या माणसानंच उचलायची. मुलाला जुलाब झालेच तर त्याच्या डॉक्टरांना पिल्लाचा रिपोर्ट सांगायचा.

औषध संपल्यावर दोन दिवसांनी पुन्हा तरंगवून पाहिलं, दोन्ही जीव गेले होते आणि शी घट्ट झाली होती. पण पुढे दोनेक आठवड्यांनी ताईंचा घाबरलेला फोन आला. शी परत सैल झाली होती, आणि दुसरीकडे केलेली जिआर्डियाची किट टेस्ट पॉझिटिव्ह आली होती. तिथे औषधाचा आणखी एक कोर्स लिहून दिला होता. तो सुरू करण्याआधी मला नमुना द्या, असं मी त्यांना कळकळीनं सांगितलं. किट शीतली जिआर्डियाची प्रथिनं पकडते, आणि बरं झाल्यावरही ती काही आठवडे पॉझिटिव्ह राहू शकते. इलाज लागू पडला की नाही, हे ठरवायला म्हणूनच मी किट वापरत नाही. सेंट्रिफ्यूजमध्ये सिस्ट दिसल्या असत्या तर दुसरा कोर्स मीच दिला असता, कदाचित मेट्रोनिडाझोल जोडून. एकही दिसली नाही. मग विचारता विचारता कळलं, की आधीचं खाद्य संपलं म्हणून त्या आठवड्यात नवीन खाद्य एकदम सुरू केलं होतं. आतडं नुकतंच सावरत असताना असा बदल सोसत नाही. जुनं खाद्य परत आणून नवीन आठवडाभरात थोडं थोडं मिसळायला सांगितलं, आणि औषधाच्या थेंबाशिवाय शी जागेवर आली.