कापूक येता, पण धरूक कोण?

"ताई, अर्धांगवायू होऊन पाच महिने झाले, डावा हात नुसता पडून असतो. एका हाताने स्वयंपाक शिकले तर हा हात कायमचा गेला म्हणून समजायचं का? आणि नाही शिकले तर आयुष्यभर सुनेच्या हाताकडे बघत बसायचं का?"

हात गेलेल्या माणसांना परत घरकामाला लावणं हे माझं काम, त्यामुळे हा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून इतक्या वेळा आलाय की उत्तर देताना मी हल्ली एकाच काकींची गोष्ट सांगते. मालवणजवळच्या गावातल्या, साठीच्या आतबाहेरच्या, डाव्या अंगाला अर्धांगवायू झालेल्या. त्यांची ओळख लागू नये म्हणून थोडे तपशील बदललेत, स्वयंपाकघरातले मात्र जसेच्या तसे आहेत.

पहिल्यांदा आल्या तेव्हा मुलगा बोलत होता आणि काकी खिडकीबाहेर बघत होत्या. व्यायाम करत नाहीत, जेवत नाहीत, चिडतात, सगळं तोच सांगत होता. मी त्यांना विचारलं, काकी, घरात आता चुलीजवळ कोण असतं? त्यावर पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "सून. चांगला करता ती. पण माका इचारणा नाय कोण, मीठ किती घालू." मीठ विचारलं जात नाही हे त्यांचं खरं दुखणं आहे हे मला तिथेच कळलं, आणि माझा कल पहिल्यापासून असाच आहे की माणसाला आधी त्याचं काम परत द्यावं, मन पाठोपाठ येतं. निराशेवर नुसतं बोलत बसून मी फार लोकांना उठताना बघितलेलं नाही.

आता प्रश्नातली भीती. ती उगाच नाहीये. एडवर्ड टॉब नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने माकडांवरच्या प्रयोगांत दाखवलं की सुरुवातीला हात वापरायला जावं आणि दरवेळी फसावं, असं झालं की प्राणी तो हात वापरायचंच सोडतो, आणि पुढे हातात थोडी ताकद असली तरी वापरत नाही, कारण न वापरण्याची सवय जडलेली असते. म्हणून तर चांगला हात बांधून दुबळ्या हाताकडून काम करून घ्यायची एक उपचारपद्धत निघाली. पण ती ज्यांचं मनगट आणि बोटं आपणहून थोडी तरी वर उचलली जातात त्यांच्यासाठी असते, थेरपिस्टच्या देखरेखीखाली असते, आणि गॅससमोर चांगला हात बांधून कुणीही प्रयोग करू नये. काकींची बोटं तेव्हा जेमतेम मिटत होती, उघडत नव्हती.

मग करायचं काय? व्यायामाची वेळ वेगळी आणि स्वयंपाकाची वेळ वेगळी ठेवायची. व्यायामात डावा हात पुढारी, स्वयंपाकात उजवा. पण स्वयंपाकातही डावा हात मांडीवर किंवा खाली लोंबत ठेवायचा नाही, एक तर लोंबता हात खांद्याचा सांधा खाली ओढतो, आणि दुसरं म्हणजे नजरेआड गेलेला हात डोक्यातूनही जातो. टेबलावर, घडी घातलेल्या टॉवेलवर, डोळ्यासमोर ठेवायचा, सुरी आणि शेगडीपासून लांब. घाबरायचं ते एका हाताने चिरण्याला नाही, डावा हात रोज थोडा थोडा विसरत जाण्याला घाबरायचं.

हे सगळं मी काकींना सांगितलं तर म्हणाल्या, बरा. म्हणजे पटलं नव्हतं.

तिसऱ्या की चौथ्या भेटीत मी त्यांच्या घरीच गेले. ओट्यावर बटाटा ठेवून त्यांनी उजव्या हातात सुरी घेतली, बटाटा गडगडत सिंकमध्ये. परत ठेवला, परत तेच. मग सुरी आपटून म्हणाल्या, "कापूक येता गो माका! पण धरूक कोण?"

हे वाक्य मी डायरीत लिहून ठेवलंय. दोन हात म्हणजे एकाच कामाचे दोन वाटेकरी नसतात. एक हात काम करतो आणि दुसरा धरतो. कणीक मळताना परात धरतो, ढवळताना कढईचा कान धरतो, लायटर पेटवताना दुसरा हात बटण फिरवतो. काकींचा धरणारा गेला होता, करणारा शाबूत होता. कोपऱ्यात त्यांची विळी होती, त्यांच्या भाषेत आडाळो. मी विचारलं, काकी, आडाळ्यावर चिरताना पातं कोण धरायचं? म्हणाल्या, "पाय. पाय पाटार ठेवलो की झाला." आणि गप्प झाल्या. मीही गप्प बसले, मुद्दामच. बराच वेळ गेला. मग स्वतःच म्हणाल्या, "म्हणजे धरूक हातच व्हयो असा नाय." मी इतकी वर्षं हे काम करतेय पण ती शांतता मला अजून आठवते, कारण हे मी सांगितलं असतं तर परत नुसतं 'बरा' आलं असतं.

(विळीवर परत बसायचा हट्ट मात्र मी मोडून काढला. डाव्या पायात जोर कमी, जमिनीवरून उठताना तोल जाणार आणि समोर उघडं पातं.)

त्यानंतर आमचं काम सोपं झालं, प्रत्येक पदार्थात एकच विचारायचं, इथे धरणार कोण?

चिरण्यासाठी गावच्या सुताराकडून फणसाच्या लाकडाची फळी करून घेतली, साधारण एक फूट बाय नऊ इंच, त्यात खालून वर आलेले दोन स्टीलचे खिळे, एकमेकांपासून इंचभर, वर दीड इंच दिसतील असे. बटाटा, कांदा, वांगं त्याच्यावर दाबून बसवायचं की हलत नाही. कांदा आधी मधोमध अर्धा करायचा आणि सपाट बाजू खाली ठेवायची, मग साल पण सुटते आणि तो गडगडत पण नाही. फळीच्या एका कोपऱ्याला अर्ध्या इंचाचा काठ मारला, तिथे पाव किंवा भाकरी टेकवून लोणी लावता येतं. पहिली फळी फसली. खिळे नुसते ठोकले होते, चार दिवस बटाटे दाबल्यावर ते खाली सरकले आणि टोकं ओट्यात रुतायला लागली. मग खालून डोकं लाकडात बुडेल असे स्टेनलेसचे स्क्रू घातले आणि मागून दुसरी पातळ फळी जोडली. साधं लोखंड आपल्या दमट हवेत गंजतंच, ते घेऊ नका. काम झालं की खिळ्यांवर बूच खोचायचं, घरात नातवंडं असतात. सुरी धारदारच हवी, बोथट सुरीवर जोर द्यावा लागतो आणि ती घसरते.

फळीखाली, परातीखाली, वाडग्याखाली ओला करून पिळलेला जाड टॉवेल. एवढ्या साध्या गोष्टीने निम्मे प्रश्न सुटतात, रबराची चटई मिळाली तर अजून चांगलं.

पहिला पदार्थ मी भाकरी निवडली नाही, घावणे निवडले. भाकरीत उकड मळायची, थापायची, उचलून तव्यावर टाकायची, सगळीकडे धरणारा लागतो. घावण्याचं एक वाटी तांदळाचं पीठ, दोन वाट्यांच्या आसपास पाणी, मीठ, पीठ ताकासारखं पातळ, टॉवेलवर ठेवलेल्या टोपात एका हाताने ढवळून होतं. तवा बिडाचा, जड, म्हणून उलथणं खाली घालताना पुढे सरकत नाही, हलक्या नॉनस्टिकला हा गुण नाही. काट्याला टोचलेल्या अर्ध्या कांद्याने तेल फिरवायचं, कडेकडून मध्ये पीठ ओतायचं, झाकण. शेगडी आपोआप पेटणारी घ्यायला लावली, कारण एका हाताने आधी बटण फिरवून मग लायटर शोधायचा म्हणजे तेवढा वेळ गॅस बाहेर येतोच.

पहिल्या दिवशी तिसऱ्या घावण्याला काकींची डावी मूठ घट्ट आवळली आणि कोपर वाकून छातीशी आलं. मुलगा खूश झाला, हात हलला म्हणून! मी त्याला थांबवलं. उजव्या हाताला फार जोर लावावा लागला किंवा माणूस घाबरला की दुबळ्या बाजूचे स्नायू असे आपोआप आखडतात, ते बरं झाल्याचं लक्षण नाही, काम जड जातंय याची खूण आहे. थांबायचं, बसायचं, मूठ हळूहळू सैल होऊ द्यायची, आणि मग बघायचं की कुठली वस्तू नीट धरली गेलेली नाही. आमच्या बाबतीत पिठाचा टोप फार भरलेला होता. अर्धा केला, मूठ आवळेना झाली. मला ही खूण सगळ्यात उपयोगी वाटते, मीटर लावल्यासारखी आहे ती.

काही गोष्टी सोडूनच दिल्या. कुकरचं झाकण सून लावते आणि काढते. भात वेळणं बंद, गरम टोप एका हाताने तिरका करणं म्हणजे पेज पायावर घेणं आहे. त्याऐवजी टोपात तारेची जाळीची टोपली ठेवून तिच्यातच भात शिजवायचा आणि पळीने पेज काढून घेतल्यावर टोपली उचलायची. भरलेलं भांडं उचलायचंच नाही, रिकामं शेगडीवर ठेवून तांब्याने पाणी घालायचं. बांगडे कोळणीकडूनच साफ करून आणायचे.

दोन गोष्टी तपासल्याशिवाय मात्र गॅसजवळ पाठवू नका. एक, डाव्या हाताला गरम कळतं का, नाहीतर भाजलेलं संध्याकाळी फोड आल्यावर दिसतं. दोन, जेवताना ताटातलं डावीकडचं तसंच राहतं का, दाराच्या डाव्या चौकटीला आपटतात का. तसं असेल तर डावीकडची जळती शेगडी त्यांच्या लेखी नसतेच, अशा माणसाने थेरपिस्टने बघेपर्यंत बसून चिरण्याचंच काम करावं.

हात कापावा लागलेले लोक येतात तेव्हा भीती वेगळी असते, तिथे हात परत येण्याची वाट नसते. पण जखम पूर्ण भरल्यावर उरलेला भाग फळी दाबायला उत्तम धरणारा होतो, फक्त तिथली कातडी नाजूक असते, गरम भांड्याला लावायची नाही. आणि सुरी ओट्यावरून पडली तर नसलेला हात ती झेलायला धावतो, तोल जातो, म्हणून सुरी कडेला ठेवायची नाही.

काकींचा डावा हात? आठव्या महिन्यात उजव्याने उचलून परातीच्या काठावर ठेवला तर बोटं काठ पकडून ठेवायला लागली. उघडताना अजून उजव्याची मदत लागते. यापेक्षा जास्त झालं नाही आणि मी तसं वचनही दिलं नव्हतं.

शेवटच्या भेटीला आल्या तेव्हा सोलकढीची बाटली घेऊन आल्या. मी विचारलं, खोबऱ्याचा रस सुनेने पिळला ना? कारण पिळणं एका हाताने कसं करायचं हे आमचं राहूनच गेलं होतं. काकी हसल्या. खोबऱ्याचा चव फडक्यात बांधला, फडक्याची दोन टोकं नळाच्या मानेवरून टाकून गाठ मारून घेतली सुनेकडून, खाली टोप ठेवला आणि उजव्या हाताने पुरचुंडीला पीळ देत गेल्या.

"नळान धरल्यान," म्हणाल्या. "आणि मीठ किती घालूचा ता तिना माका इचारल्यान."