नटीचा फोटो सोसतो, वर्गमैत्रिणीचा सोसत नाही

"मॅडम, मी मास कम्युनिकेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सामाजिक तुलनेच्या सिद्धांतावर निबंध लिहितेय, म्हणजे वाचलंय सगळं. फोटो एडिट केलेले असतात हेही कळतं. तरी वर्गातल्या मुलींचे फोटो बघितले की मला माझं नाक सहन होत नाही. नट्यांचे बघून एवढं होत नाही. असं का?"

तिला गायत्री म्हणू या. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

लिऑन फेस्टिंगर यांनी 1954 मध्ये हा सिद्धांत मांडला तेव्हा त्यांच्यासमोर माणसांची मतं आणि क्षमता होत्या. रूपाचा विषय नंतरच्या संशोधकांनी त्याला जोडला. मूळ म्हणणं असं, की जिथे मोजायला पट्टी नसते तिथे आपण दुसऱ्या माणसांवरून स्वतःला मोजतो, आणि त्यासाठी शक्यतो आपल्यासारखीच माणसं निवडतो. नटीच्या बाबतीत मनाकडे सबब तयार असते: तिचा मेकअपवाला, तिचा पैसा. शेजारच्या बाकावरच्या मुलीसाठी अशी सबब सापडत नाही.

मी गायत्रीला वही ठेवायला सांगितली. फोटो कोणाचा, नजर कुठे गेली, मनात काय आलं आणि त्यानंतर लगेच काय केलं, एवढंच लिहायचं. शेवटचा रकाना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण लोक वाईट वाटल्याचं सांगतात, पण त्यापुढे काय केलं ते त्यांच्याही लक्षात आलेलं नसतं. गायत्रीच्या वहीत तिथे पुन्हा पुन्हा एकच नोंद होती: मैत्रिणीचा फोटो झूम केला, मग फ्रंट कॅमेरा उघडून स्वतःचं नाक बघितलं. वजनाचा उल्लेख जवळजवळ नव्हता.

याचं मला नवल वाटलं नाही. जास्मिन फारडूली आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तरुणींना 10 मिनिटं फेसबुक बघायला दिलं होतं. साधी वेबसाइट बघणाऱ्यांपेक्षा त्यांचा मूड उतरला. शरीराबद्दलची एकूण नाराजी मात्र वाढली नाही. ज्यांना दिसण्याची तुलना करायची सवयच होती, त्यांना आपला चेहरा, केस आणि त्वचा बदलावीशी वाटली. तिथे दिसतात ते बहुतेक चेहरेच.

मग आम्ही कॅमेऱ्याकडे वळलो. हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक लेन्सच्या सगळ्यात जवळ असतं, म्हणून ते फुगतं. 2018 मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जन मंडळींनी गणिताने दाखवलं, की 12 इंचांवरून नाक 5 फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. गायत्रीने त्याच फोनने, त्याच खिडकीशी दोन्ही अंतरांवरून फोटो काढले. मैत्रिणींचे फोटो दुसऱ्या कोणीतरी लांबून काढलेले, तेही निवडून टाकलेले. आणि ती त्यांच्याशी ताडून बघत होती तो स्वतःचा नाकाजवळचा कॅमेरा.

हे पटलं म्हणून नाक आवडायला लागलं का? नाही. 'हा फोटो एडिट केलेला आहे' अशी सूचना लावून बघणाऱ्या बहुतेक प्रयोगांतही नाराजी कमी झालेली नाही. तुलना होऊन जाते, माहिती मागून येते. म्हणून भर कृतीवर दिला. ज्या खात्यांवर ती झूम करत होती ती काही आठवडे म्यूट केली (समोरच्याला कळत नाही, त्यामुळे मैत्रीत खोट येत नाही), आणि फोटो बघितल्यावर लगेच फ्रंट कॅमेरा उघडायचा नाही असं ठरवलं. पहिल्या आठवड्यात अस्वस्थता वाढली. तपासण्याची सवय अडवली की ती वाढतेच. पुढे वहीतल्या नोंदी विरळ झाल्या. जेवण टाळणं, उलट्या काढणं, दिसण्यापायी कॉलेज बुडवणं किंवा तासन्‌तास आरसा, यातलं काही असतं तर मी वहीवर न थांबता तिला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं.

निबंधाबद्दल मात्र तिला अडवावं लागलं. 'ओळखीच्यांचे फोटो नट्यांपेक्षा जास्त घातक' हे तिला वहीच्या आधारे लिहायचं होतं. ब्राउन आणि टिगमन यांच्या 2016 च्या प्रयोगात इन्स्टाग्रामवरचे नामवंतांचे आणि अनोळखी पण समवयस्क देखण्या मुलींचे फोटो दाखवले. प्रवासाच्या चित्रांच्या तुलनेत दोन्हींनी नाराजी वाढवली, आणि दोन्हींत फरक आढळला नाही. परिणाम घडत होता तो बघताना केलेल्या तुलनेमुळे. त्या मुली अनोळखी होत्या, गायत्रीच्या वर्गातल्या नव्हत्या, एवढी फट शिल्लक राहते. पण ती प्रश्न म्हणून मांडता येते, निष्कर्ष म्हणून नाही. शिवाय नुसत्या सर्वेक्षणांवरून आधी काय आलं ते ठरत नाही: आधीच नाराज असलेली मुलगीच असे फोटो जास्त शोधत असेल. गायत्रीने तो परिच्छेद बदलला, जरा नाखुशीनेच.