एसओएस प्रतिसाद: ‘दुरुस्ती’ म्हणावं का?

प्रश्न: जिवाणूंमधल्या ‘एसओएस रिस्पॉन्स’ला ‘दुरुस्ती प्रतिसाद’ म्हटलेलं एका लेखात वाचलं. पुढे त्याच लेखात ‘यामुळे उत्परिवर्तनं वाढतात’ असंही होतं. दुरुस्तीने चुका वाढतात कशा? शब्द चुकलाय का? आणि एसओएसचं पूर्ण रूप मराठीत कसं द्यायचं?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सोपा आहे. पूर्ण रूप द्यायचंच नाही, कारण ते नाही. १९०६च्या बर्लिन परिषदेत जहाजांसाठी संकटाची खूण ठरली: तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं, मध्ये खंड न पाडता. ती ऐकायला सोपी म्हणून निवडली होती. ‘आमचे प्राण वाचवा’ वगैरे विस्तार लोकांनी मागाहून चिकटवले. जीवशास्त्रज्ञ मिरोस्लाव राडमान यांनी १९७०च्या दशकात हीच खूण डीएनए बिघडलेल्या जिवाणूच्या पेशीला लावली, तेव्हा त्यांच्या मनात जहाजाची हाक होती. म्हणून मराठीतही ‘एसओएस’ तसंच ठेवावं.

‘दुरुस्ती’चं मात्र अर्धंच बरोबर आहे. कुठलं अर्धं, हे पेशीत काय घडतं ते पाहिल्यावरच कळतं.

ई. कोलाय हा जिवाणू घेऊ. त्याच्या चाळीसेक जनुकांच्या तोंडाशी लेक्सए नावाचं प्रथिन ठाण मांडून बसलेलं असतं. डीएनएच्या A, T, G, C या अक्षरांत बसायची जागा ठरलेली: CTG, मध्ये दहा अक्षरं, मग CAG. समोरच्या धाग्यावर उलट दिशेने वाचलं तरी CTG आणि CAGच येतात, आणि लेक्सए जोडीने बसतं, एकेकाच्या वाट्याला अर्धी जागा. ते बसलेलं आहे तोवर ती जनुकं जवळपास गप्प असतात.

आता अतिनील किरण पडले आणि शेजारशेजारचे दोन थायमिन, म्हणजे दोन T, एकमेकांना चिकटले. डीएनएची नक्कल करणारं यंत्र तिथे अडतं, पण पुढचे धागे उलगडत राहतात, आणि एकेरी, उघडा धागा मागे राहतो. त्यावर रेकए नावाचं प्रथिन ओळीने चढतं. पेशीला इशारा मिळतो तो या रेकए चढलेल्या उघड्या धाग्यामुळे. चिकटलेले थायमिन तिला थेट ‘दिसत’ नाहीत.

इथे आपल्या पाठ्यपुस्तकी मराठीत एक चूक सर्रास होते: ‘रेकए लेक्सएला तोडतं’. माझ्याही हातून हे वाक्य गेलेलं आहे. १९८४मध्ये जॉन लिटल यांनी दाखवलं की शुद्ध केलेलं लेक्सए आम्लारी द्रावणात, रेकए अजिबात नसताना, आपलं आपण तुटतं, आणि तेही त्याच जागी, ८४व्या व ८५व्या अमिनो आम्लांच्या मधोमध. म्हणजे कात्री लेक्सएच्याच अंगात असते. रेकएच्या रांगेला टेकल्यावर ती चालते, एवढंच. तेव्हा लिहावं: ‘रेकएच्या सान्निध्यात लेक्सए स्वतःला तोडून घेतं.’ ‘तोडणं’ आणि ‘तुटणं’ असा फरक आपल्या क्रियापदांत आयता आहे, तो वाया का घालवायचा?

‘डीएनएचा बिघाड जनुकं चालू करतो’ हेही मला थोडं खटकतं. कोणी कळ दाबत नाही, वरचं झाकण निघतं. ‘जनुकं मोकळी होतात’ हे जास्त खरं आहे.

ती सगळी एकदम मोकळी होत नाहीत, आणि तुमच्या प्रश्नाची गाठ इथेच सुटते. काही जागांवर लेक्सएची पकड सैल असते, काहींवर घट्ट. पेशीतलं लेक्सए मिनिटामिनिटाला घटत जातं, तेव्हा सैल पकडीची जनुकं आधी सुटतात. त्यांत यूव्हीआरए आणि यूव्हीआरबी आहेत. त्यांची प्रथिनं आणि त्यांचे साथीदार बिघडलेला भाग शोधतात, १२-१३ अक्षरांचा तुकडा कापून काढतात, आणि ती जागा समोरचा धागा वाचून भरली जाते. ही अस्सल दुरुस्ती. इथे ‘दुरुस्ती’ शब्द शोभतो, आणि इथे चुका वाढत नाहीत.

बिघाड थोडा असेल तर प्रकरण इथेच मिटतं. मिटलं नाही, तर घट्ट पकडीची जनुकंही सुटतात. त्यातलं सुलए पेशीचं विभाजन थांबवतं. पेशी वाढत राहते पण दुभंगत नाही, आणि सूक्ष्मदर्शकाखाली आखूड दांड्यांऐवजी लांबच लांब दोऱ्या दिसतात. दुसरं उमुडी आणि उमुसी यांचं जोडजनुक. उमुडीलाही लेक्सएसारखंच रेकएच्या रांगेपाशी स्वतःचा एक तुकडा तोडून टाकावा लागतो, तेव्हा कुठे ते उमुसीच्या जोडीने कामाला लागतं. या सगळ्यात अर्धा-पाऊण तास जातो. उमुडी-उमुसीच्या या जोडीला पॉलिमरेज पाच म्हणतात, डीएनएची नक्कल करणारं हे एक विकर.

पॉलिमरेज पाच चिकटलेल्या थायमिनांना हात लावत नाही. समोर काहीतरी अक्षरं घालतं आणि पुढे सरकतं. थायमिनांची एका प्रकारची जोड असेल तर समोर बहुतेक वेळा दोन A पडतात, म्हणजे बरोबर. पण सहा-चार नावाची दुसरी जोड असेल, तर तिच्यातल्या एका T समोर बऱ्याचदा G पडतं. आपलं लिहिलेलं तपासून खोडण्याची सोय या विकरात नाही. पुढच्या नकलेत त्या G समोर C येतं, आणि जिथे T होतं तिथे कायमचं C झालं. उत्परिवर्तन झालं ते असं.

बिघाड जागेवरच आहे आणि नक्कल मात्र पुरी झाली. याला दुरुस्ती कशी म्हणणार? मराठीत याला नेमका वाक्प्रचार आहे: वेळ मारून नेणं. शास्त्रीय लेखनात तो चालत नसेल तर ‘बिघाड ओलांडून केलेली नक्कल’ म्हणा.

ही उत्परिवर्तनं किरणांनी थेट केली नाहीत हे कशावरून? ज्या जिवाणूंचं उमु जनुक निकामी आहे, त्यांच्यावर किरण सोडले तर थोडे जास्त मरतात, पण वाचलेल्यांत किरणांमुळे येणारी उत्परिवर्तनं जवळपास दिसत नाहीत. किरण तेच, बिघाड तेवढाच, चूक लिहिणारा तेवढा गैरहजर.

हा पसारा आवरतोही आपोआप. लेक्सएचं स्वतःचं जनुक लेक्सएच्याच ताब्यात असल्यामुळे संकटात तेही मोकळं होतं आणि नवं लेक्सए भराभर तयार होत राहतं. उघडा धागा आहे तोवर ते तुटत राहतं. धागा झाकला गेला की साठतं आणि जागा पुन्हा बळकावतं.

म्हणून मी ‘एसओएस प्रतिसाद’ एवढंच लिहीन. ‘दुरुस्ती’ फक्त त्याच्या पहिल्या टप्प्यासाठी वापरीन. ‘जिवाणू बदलण्यासाठी मुद्दाम उत्परिवर्तनं करतात’ हे वाक्य मात्र टाळा. चुका त्या पेशीला उपयोगी पडाव्यात म्हणूनच होतात की तगून राहण्याची ती नुसती किंमत आहे, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आणि ‘सर्व जिवाणू’ असंही लिहू नका, न्यूमोनियाच्या स्ट्रेप्टोकोकसमध्ये लेक्सएच नाही.