‘सेल्फ-स्टार्टर’: आपणहून की आपले आपण?

प्रश्न: ‘माझी मुलगी पदवीनंतर पणजी-पर्वरी भागात नोकरी शोधत आहे. इंग्रजी जाहिरातींत फास्ट-पेस्ड एन्व्हायर्नमेंट, रॉकस्टार, सेल्फ-स्टार्टर हे शब्द सारखे येतात. यांना मराठीत काय म्हणावे, आणि त्यांवरून कामाच्या जागेविषयी काही कळते का?’

या तिन्हींपैकी ‘सेल्फ-स्टार्टर’ हा शब्द सर्वांत निरुपद्रवी दिसतो, परंतु माझ्या मते सर्वाधिक विचार त्याचाच करावा लागतो, म्हणून त्यापासूनच आरंभ करतो.

हा शब्द मुळात यंत्राचा आहे. मोटारीच्या सुरुवातीच्या काळात इंजिन चालू करण्यासाठी पुढे उभे राहून हँडल मारावे लागे आणि ते उलट फिरून मनगट मोडण्याचा धोका असे. 1912 साली अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेचा स्टार्टर बसवण्यात आला आणि तेव्हापासून हे काम हळूहळू बटणावर आले. आपण मराठीत आजही ‘सेल्फ मारला’, ‘गाडीला सेल्फ लागत नाही’ असे म्हणतो, तो हाच सेल्फ. पुढे इंग्रजीत तो माणसाला लागू झाला आणि दुसऱ्याने हँडल न मारता कामाला लागणारा, असा त्याचा अर्थ झाला.

मात्र मेकॅनिकला विचारले तर तो सांगेल की सेल्फ ही एक लहानशी मोटर आहे, तिला बॅटरीची वीज लागते आणि तिचे काम इंजिनाला पहिले काही फेरे देण्यापुरतेच असते. इंजिन पेटले की ते स्वतःच्या बळावर चालते आणि चालता चालता बॅटरीही पुन्हा भरून देते. पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या स्कूटरची बॅटरी उतरते, तेव्हा कितीही उत्तम सेल्फ असला तरी बटण दाबून काही होत नाही. जाहिरातीत हा शब्द वापरणाऱ्याला सेल्फ हवा असतो. बॅटरी कोण भरणार, हे त्या शब्दात येत नाही.

मराठीत भाषांतर करू गेलो की हीच उणीव उघडी पडते, कारण इंग्रजीतील ‘सेल्फ’साठी आपल्याकडे दोन वेगळे प्रयोग आहेत. ‘ती आपणहून काम करते’ हा माणसाचा गुण झाला: तिला सांगावे लागत नाही, पण विचारायला कोणी नाही असे नव्हे. ‘तिला आपले आपण काम करावे लागते’ ही परिस्थिती झाली: शिकवणारे, तपासणारे, अडले तर हात देणारे कोणी नाही. इंग्रजी शब्दात हे दोन्ही अर्थ मावतात आणि जाहिरात वाचणारा स्वाभाविकपणे पहिला घेतो. म्हणून ‘स्वयंप्रेरित’ हा कोशातला प्रतिशब्द बरोबर असला, तरी तो फक्त पहिल्या अर्थाची बाजू घेतो.

माझ्या भाचीच्या समोर दोन जाहिराती होत्या आणि दोन्हींत हा शब्द होता. पहिली बार्देश तालुक्यातील एका हॉटेलाची, समाजमाध्यमे सांभाळण्याच्या पदासाठी. तीत कमीत कमी देखरेखीखाली काम करण्याची तयारी, संदिग्ध परिस्थितीत निर्णय घेण्याची क्षमता आणि फास्ट-पेस्ड एन्व्हायर्नमेंट अशी सगळी विशेषणे उमेदवाराला लावली होती. परंतु कोणाच्या हाताखाली काम करायचे, हे कुठेच नव्हते. तिने मुलाखतीत तीन प्रश्न विचारले. या जागेवर आधी कोण होते आणि ती व्यक्ती का गेली? पहिल्या महिन्यात काम कोण शिकवेल? केलेले काम चांगले की वाईट हे कोण ठरवेल? उत्तरे अशी आली की आठ महिन्यांत दोघे जण सोडून गेले होते, शिकवण्यासारखे काही नव्हते, आणि काम ठरवणारे साहेब मुंबईला असून आठवड्यातून एकदा फोन करत. हा ‘आपले आपण’ अर्थाचा सेल्फ-स्टार्टर होता.

दुसरी जाहिरात पणजीतील एका लहान डिझाइन कार्यालयाची होती. तीतही तोच शब्द होता, पण पुढच्याच वाक्यात लिहिले होते की पहिले सहा आठवडे ज्येष्ठ सहकाऱ्याबरोबर काम, त्यानंतर तीन ग्राहक स्वतंत्रपणे सांभाळायचे. येथे शब्दामागे बॅटरी होती आणि भाचीने ती नोकरी घेतली. दोन्ही ठिकाणी शब्द एकच होता, म्हणून अर्थ शब्दात न शोधता त्याच्या शेजारच्या वाक्यात शोधावा लागतो.

‘फास्ट-पेस्ड’मध्ये अडचण निराळी आहे. त्या शब्दाला कर्ता नाही; वेग आहे, पण तो कोणी लावला ते नाही. मराठीत मात्र शब्द निवडतानाच बाजू घ्यावी लागते. चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी बांधताना घरात असते ती लगबग. कामे ठरलेली असतात, हात पुरेसे असतात आणि ती संपणार हे सर्वांना ठाऊक असते. हातच कमी असतील तर तीच धावपळ होते, आणि काय आधी करायचे हेच कोणी ठरवले नसेल तर तारांबळ. पर्यटनाच्या हंगामात किनाऱ्यावरच्या हॉटेलात काम वाढते, ते समजण्यासारखे आहे. जून-जुलैमध्येही तोच वेग असेल तर मात्र माणसे कमी आहेत असा तर्क करता येतो. म्हणून पावसाळ्यात किती माणसे असतात आणि हंगामात किती, हे आकड्यांत विचारावे. वेर्ण्याच्या एखाद्या कारखान्याने जाहिरातीत पाळ्यांच्या वेळा आणि साप्ताहिक सुट्टी स्पष्ट दिली असेल, तर तेथे ‘फास्ट-पेस्ड’ हा शब्द मला खटकत नाही.

‘रॉकस्टार’चे भाषांतर मी ‘राजापार्ट’ असे करीन. संगीत नाटकात राजापार्ट करणारा नट मंडळीचा आधार असे, पण त्याच्यामागे ऑर्गनवाला, तबलजी, प्रॉम्प्टर, रंगपट सांभाळणारे असत आणि मंडळी त्याला मानधनही त्या मानाने देई. जाहिरातीत रॉकस्टार मागितला असेल तर ही दुसरी बाजू पाहावी: मदतनीस किती, पगार किती, आणि यशाचे श्रेय एकट्याला तर अपयशाचा भारही एकट्यालाच का. पगाराच्या जागी फक्त ‘उद्योगातील प्रचलित दराप्रमाणे’ असे असेल, तर राजापार्टाची भूमिका आणि साथीदाराचे मानधन असा प्रकार संभवतो.

एवढे सांगूनही एक मर्यादा नमूद करणे आवश्यक आहे. अनेक जाहिराती जुन्या मजकुरावरून उतरवलेल्या असतात आणि लिहिणाऱ्याने त्या शब्दांचा काहीच विचार केलेला नसतो. चार माणसांच्या नव्या कार्यालयात खरोखरच प्रत्येकाला आपले आपण पाहावे लागते, आणि ते तसे सांगत असतील तर त्यात लपवाछपवी नाही. त्यामुळे केवळ हे शब्द दिसले म्हणून अर्ज टाळू नये. मुलीला एवढेच सांगावे की जाहिरातीतील उमेदवाराला लावलेली विशेषणे एका बाजूला काढावीत, मालकाने काय देऊ केले आहे ती वाक्ये दुसऱ्या बाजूला लिहावीत, आणि दुसरी बाजू रिकामी राहिली तर ती मुलाखतीत भरून घ्यावी. उत्तर देणाऱ्याने माणसाचे नाव, आठवडे किंवा आकडा सांगितला तर ते लिहून घ्यावे; पुन्हा एक विशेषणच सांगितले तर तेही लिहून घ्यावे.