फोटोतल्या आधी-नंतरच्या टेबलला पेअर्ड टेस्ट लावायची की टू-सॅम्पल?

प्रश्न: पुण्यात फिजिओथेरपीला आहे. असाइनमेंटमध्ये एका टेबलचा फोटो दिलाय, ६ आठवडे स्ट्रेचिंग करून घेतलं त्याच्या आधी आणि नंतर सिट अँड रीच किती सेंमी आलं ते. 'आधी'च्या कॉलममध्ये ९ आकडे आहेत, 'नंतर'मध्ये ८, शेवटच्या ओळीत नुसती रेघ आहे. संख्या सारखी नाही म्हणून मी टू-सॅम्पल टी-टेस्ट लावली, पी व्हॅल्यू ०.३६ आली. मैत्रीण म्हणते पेअर्ड लाव. कोणाचं बरोबर?

उत्तर: मैत्रिणीचं बरोबर वाटतंय, पण आधी एक गोष्ट बघून घ्या. मी इथे पुण्यातच बायोस्टॅटची प्रॅक्टिकल घेते आणि असे फोटो सतत बघते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

कुठली टेस्ट लावायची हे आकड्यांच्या संख्येवर ठरत नाही, एका आडव्या ओळीत काय आहे त्यावर ठरतं. एका ओळीतले दोन्ही आकडे एकाच माणसाचे असतील तर पेअर्ड. 'आधी'चे आकडे कोथरूडच्या बॅचचे आणि 'नंतर'चे हडपसरच्या वेगळ्याच लोकांचे असतील तर टू-सॅम्पल, मग दोन्हीकडे बरोब्बर ८-८ आकडे असले तरीही.

आता तुमचा फोटो. डावीकडची कडा कापली गेलीय आणि रोल नंबरचा कॉलम अर्धवटच दिसतोय, नेमका तोच महत्त्वाचा आहे. तरी शेवटच्या ओळीतली रेघ बरंच काही सांगते, म्हणजे त्या मुलाचं आधी मोजलं, नंतर तो आला नाही, आणि लिहिणाऱ्याने त्याची जागा रिकामी सोडली. माणसं वेगळी असती तर रेघ मारायचं कारणच नव्हतं, यादी खाली ८ वर संपली असती. म्हणजे ज्या ओळीमुळे तुम्ही टू-सॅम्पलकडे वळलात तीच खरं तर पेअर्डच्या बाजूने बोलतेय. तरीही अख्ख्या पानाचा फोटो मागून घ्या.

अजून एक बघायचं, दोन्ही कॉलम आपापले चढत्या क्रमाने लावलेत का. कोणीतरी एक्सेलमध्ये एकेक कॉलम वेगळा सॉर्ट केला आणि प्रिंट मारली तर ओळीचा माणसाशी संबंधच तुटतो, आणि वाईट म्हणजे हे निकालात कळत नाही, उलट निकाल झकास दिसतो, कारण लहानासमोर लहान आणि मोठ्यासमोर मोठा आकडा आल्याने सगळे फरक एकसारखे होतात. दोन अगदी अनोळखी गट असे सॉर्ट करून शेजारी ठेवले तरी त्यांचं कोरिलेशन भरभक्कम येतं, त्यामुळे 'कोरिलेशन चांगलं आहे म्हणजे जोड्या खऱ्या' असं म्हणता येत नाही. तुमच्या फोटोत १२, १८, २५, ९ असा वरखाली क्रम आहे, म्हणजे सॉर्ट केलेलं दिसत नाही.

शेवटची ओळ पेअर्ड टेस्टमध्ये सरळ गळते, कारण फरक काढायला दुसरा आकडाच नाही. रेघेच्या जागी ० टाकू नका, नाहीतर आधी १७ आलेल्या त्या मुलाची लवचिकता १७ सेंमीने कमी झाली असा अर्थ होईल. उरलेल्या ८ ओळी आरमध्ये अशा:

```
aadhi  <- c(12, 18, 25, 9, 21, 30, 15, 22)
nantar <- c(15, 20, 27, 13, 22, 33, 19, 25)
t.test(nantar, aadhi, paired = TRUE)
```

पण एकदा हाताने करून बघा, तेव्हाच कळतं काय चाललंय. प्रत्येक ओळीत नंतर वजा आधी: ३, २, २, ४, १, ३, ४, ३. सरासरी २.७५ सेंमी. या फरकांचं स्टँडर्ड डेव्हिएशन १.०३५, त्याला ८ च्या वर्गमुळाने भागलं की स्टँडर्ड एरर ०.३६६, आणि २.७५ भागिले ०.३६६ म्हणजे टी ७.५ च्या आसपास. डिग्रीज ऑफ फ्रीडम ७, त्याला ५ टक्क्यांची सीमा २.३६५ आहे, म्हणजे आपण तिच्या कितीतरी पुढे आहोत.

याच ८ ओळींना टू-सॅम्पल लावली तर वरचा २.७५ तोच राहतो, दोन सरासऱ्यांमधला फरक तेवढाच आहे ना, १९ आणि २१.७५. बदलतो तो खालचा आकडा. स्टँडर्ड एरर ३.३६ होतो, टी जेमतेम ०.८२, पी ०.४३. तुमचा ०.३६ नववा आकडा धरून आलाय, गणित तुमचं बरोबर आहे, फक्त प्रश्न दुसराच सोडवलाय.

खालचा आकडा एवढा का फुगला? कारण मुळात एकाचा हात ९ सेंमीपर्यंत जातो आणि दुसऱ्याचा ३० पर्यंत, हा माणसामाणसातला फरक स्ट्रेचिंगच्या आधीपासूनच आहे. टू-सॅम्पल टेस्टला ओळी माहीतच नसतात, त्यामुळे हा सगळा पसारा ती गोंगाट म्हणून धरते आणि २.७५ सेंमीची वाढ त्यात बुडून जाते. पेअर्डमध्ये प्रत्येकजण स्वतःच्याच आधीच्या आकड्याशी ताडला जातो, ९ वाला १३ वर गेला, ३० वाला ३३ वर, आणि मूळचा फरक वजाबाकीतच निघून जातो.

मात्र दोन्ही टेस्ट चालवून ज्याची पी लहान ती लिहायची, असं कृपा करून करू नका. रोल नंबर जुळले तर पेअर्ड, मग तिचा निकाल काहीही येवो. आणि समजा माणसं तीच होती पण कुठला आकडा कोणाचा हे कुठेच लिहिलेलं नाही, तर पेअर्ड लावताच येत नाही. मग टू-सॅम्पल लावणं भाग पडतं, पण तिथे दोन्ही गट स्वतंत्र आहेत हे गृहीतकच मोडलेलं असतं, आणि अशा डेटात शक्यतो पी खऱ्यापेक्षा मोठी येते, हे रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहायचं.

नॉर्मॅलिटी तपासायची ती ८ फरकांची, दोन कॉलमची वेगवेगळी नाही, इथे बरेचजण उगाच चार ग्राफ काढत बसतात. तुमचे फरक १ ते ४ मध्येच आहेत, एकही फार लांब गेलेला नाही, तेव्हा चालेल. एखादा २० वगैरे असता तर विलकॉक्सन साइन्ड-रँकचा विचार केला असता.

एक्सेलमध्ये करत असाल तर `=T.TEST(B2:B9,C2:C9,2,1)`, शेवटचा 1 म्हणजे पेअर्ड, 2 आणि 3 टाकले की टू-सॅम्पल होते, बहुतेक वेळा चूक त्या एका अंकातच सापडते.

रिपोर्टमध्ये नुसती पी देऊ नका, सरासरी वाढ २.७५ सेंमी आणि ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल साधारण १.९ ते ३.६ सेंमी असं लिहा. एकाचा नंतरचा आकडा नाही हेही लिहा आणि शक्य असेल तर का आला नाही ते विचारा, पाठ दुखायला लागली म्हणून सोडलं असेल तर उरलेल्या ८ जणांचा निकाल आहे त्यापेक्षा छान दिसतोय. आणि 'स्ट्रेचिंगमुळे वाढलं' असं वाक्य टाळा, 'या काळात वाढ दिसली' एवढंच लिहा. स्ट्रेचिंग न केलेला गट टेबलमध्ये नाहीये, आणि सिट अँड रीच दुसऱ्यांदा करताना सवयीनेही किंवा त्या दिवशी वॉर्म-अप जास्त झाल्यानेही हात थोडा पुढे जातो, ते पेअर्ड टेस्टला वेगळं काढता येत नाही.